घटक 4 : शब्दयादीचा शोधवृक्ष – यादृच्छिक भरणीत त्याची उंची किती वाढते?

4.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• शब्दयादीपासून शोधवृक्ष कसा तयार होतो, हे हाताने करून दाखविता येईल.
• शब्द यादृच्छिक क्रमाने आले तर वृक्षाची सरासरी खोली लघुगणकाच्या प्रमाणातच का राहते, हे सांगता येईल.
• वर्णानुक्रमाने लावलेली यादी भरल्यास हा नियम का मोडतो आणि ते कसे ओळखावे, हे स्पष्ट करता येईल.

4.1 प्रास्ताविक

मागील घटकात आपण कोशरचनेतील वर्णानुक्रमाचा विचार केला. छापील कोशात शब्द शोधताना आपण पान मध्येच उघडतो, हवा असलेला शब्द अलीकडे आहे की पलीकडे हे पाहतो आणि निम्मा कोश बाजूला सारतो. संगणकात शब्द साठविताना हीच कृती वृक्षाच्या रूपाने बांधता येते. त्या रचनेस शोधवृक्ष किंवा बायनरी सर्च ट्री असे म्हणतात. ही पद्धत 1960 च्या सुमारास निरनिराळ्या संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यांपैकी अँड्र्यू बूथ आणि ए. जे. टी. कॉलिन यांचा 1960 चा लेख कोश तयार करण्याच्या नव्या पद्धतीविषयीच होता. यंत्राद्वारे भाषांतर करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत बूथ अग्रभागी होते. म्हणजे ही कल्पना भाषाभ्यासाच्या अंगणात परक्याप्रमाणे आलेली नाही.

छापील कोश आणि शोधवृक्ष यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. छापील कोश शेवटी एकदाच लावला जातो. शोधवृक्ष शब्द येतील तसतसा वाढतो आणि आधी आलेला शब्द आपली जागा सोडत नाही. त्यामुळे वृक्षाचा आकार शब्दांवर नव्हे, तर ते कोणत्या क्रमाने आले यावर ठरतो. हा क्रम आपल्या हाती नसेल, तर वृक्ष किती उंच होईल? या घटकाचा विषय हा एकच प्रश्न आहे.

4.2 विषय-विवेचन

4.2.1 ठाणे ते कल्याण : आठ शब्दांचा वृक्ष

मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने ठाण्याहून कल्याणकडे जाताना लागणारी स्थानके घेऊ : ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. हीच नावे वर्णानुक्रमाने लावली तर क्रम असा होतो :

1. कल्याण
2. कळवा
3. कोपर
4. ठाकुर्ली
5. ठाणे
6. डोंबिवली
7. दिवा
8. मुंब्रा

आता नावे प्रवासाच्या क्रमाने वृक्षात भरू. नियम एकच आहे. नवा शब्द मुळापासून खाली आणावा. भेटलेल्या शब्दापेक्षा तो वर्णानुक्रमात आधीचा असेल तर डावीकडे, नंतरचा असेल तर उजवीकडे वळवावा. जिथे जागा रिकामी सापडेल तिथे बसवावा.

पहिले नाव 'ठाणे' मुळाशी बसते. 'कळवा' त्याच्या डावीकडे आणि 'मुंब्रा' उजवीकडे जाते. 'दिवा' हे ठाण्याच्या नंतरचे म्हणून उजवीकडे वळते. तिथे 'मुंब्रा' भेटते, त्याच्या आधीचे म्हणून ते मुंब्र्याच्या डावीकडे बसते. 'कोपर' ठाण्याच्या डावीकडे, मग कळव्याच्या उजवीकडे. 'डोंबिवली' ठाण्याच्या उजवीकडे, मुंब्र्याच्या डावीकडे आणि दिव्याच्याही डावीकडे. 'ठाकुर्ली' ठाण्याच्या डावीकडे, कळव्याच्या उजवीकडे, कोपरच्या उजवीकडे. शेवटी 'कल्याण' ठाण्याच्या डावीकडे आणि कळव्याच्या डावीकडे.

मुळापासून एखाद्या शब्दापर्यंत जितक्या पायऱ्या उतराव्या लागतात, तितकी त्या शब्दाची खोली. सर्वांत खोल शब्दाची खोली म्हणजे वृक्षाची उंची. आपल्या वृक्षात ठाण्याची खोली 0. कळवा व मुंब्रा यांची 1. कल्याण, कोपर व दिवा यांची 2. ठाकुर्ली व डोंबिवली यांची 3. उंची 3 आली. आठ शब्दांचा वृक्ष याहून बुटका असूच शकत नाही. कारण उंची 2 असलेल्या वृक्षात 1 + 2 + 4 म्हणजे फक्त सातच शब्द मावतात. सर्व खोल्यांची बेरीज 14, म्हणजे सरासरी खोली 1.75.

हीच आठ नावे वर्णानुक्रमाने भरली असती तर? 'कल्याण' मुळाशी बसले असते आणि पुढचे प्रत्येक नाव आधीच्या सर्व नावांच्या नंतरचे असल्याने सतत उजवीकडेच गेले असते. वृक्षाऐवजी एकेरी साखळी तयार झाली असती. तिची उंची 7 आणि खोल्यांची बेरीज 28. नावे तीच, नियमही तोच. फरक केवळ येण्याच्या क्रमाचा.

4.2.2 'यादृच्छिक' म्हणजे काय?

आठ नावे एकूण 8! म्हणजे 40,320 क्रमांनी येऊ शकतात. यांतील प्रत्येक क्रम सारखाच संभवनीय मानला, तर त्या भरणीला यादृच्छिक म्हणतात. या सर्व क्रमांवर काढलेली उंचीची सरासरी म्हणजे अपेक्षित उंची.

एकेरी साखळी किती क्रमांत तयार होते ते पाहू. साखळी व्हायची तर येणारा प्रत्येक शब्द उरलेल्या शब्दांतील सर्वांत आधीचा किंवा सर्वांत नंतरचा असला पाहिजे. शेवटचा शब्द सोडून प्रत्येक टप्प्यावर असे दोन पर्याय, म्हणजे 2 × 2 × ... असे सात वेळा, एकूण 128 क्रम. 40,320 पैकी 128, अर्थात 315 मध्ये 1. वीस शब्दांसाठी हेच प्रमाण सुमारे 4.64 लाख कोटींत 1 इतके क्षीण होते. पूर्ण साखळी हा अपवाद आहे, हे यावरून दिसते. परंतु एवढ्याने उंची लघुगणकाजवळ राहते असे सिद्ध होत नाही. अर्धवट लांबलेल्या वृक्षांचे प्रमाण मोठे असू शकते. त्यासाठी एकेका शब्दाच्या खोलीकडे वळले पाहिजे.

4.2.3 एका शब्दाची अपेक्षित खोली

'दिवा' हा शब्द घेऊ. त्याची खोली म्हणजे मुळापासून त्याच्यापर्यंतच्या वाटेवर भेटणाऱ्या शब्दांची संख्या. म्हणून प्रत्येक शब्दाबद्दल स्वतंत्रपणे विचारू : हा शब्द दिव्याच्या वाटेवर येण्याची संभाव्यता किती?

'ठाणे' या शब्दाबद्दल पाहू. वर्णानुक्रमात ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये डोंबिवली आहे, म्हणजे या पट्ट्यात तीन शब्द आहेत. पट्ट्याबाहेरील कोणताही शब्द, जसे कळवा किंवा मुंब्रा, या तिघांना एकाच बाजूला पाठवितो; तो त्यांच्यात फूट पाडू शकत नाही. म्हणून निर्णय या तिघांत सर्वप्रथम कोण येते यावर अवलंबून राहतो. डोंबिवली प्रथम आली तर ठाणे तिच्या डावीकडे आणि दिवा उजवीकडे जाईल. दोघांची वाट कायमची वेगळी होईल. दिवा प्रथम आला तर ठाणे त्याच्या खाली जाईल. ठाणे प्रथम आले तरच ते दिव्याच्या वाटेवर राहील. तिघांपैकी कोणीही प्रथम येणे सारखेच संभवनीय, म्हणून संभाव्यता 1/3.

हाच युक्तिवाद प्रत्येक शब्दाला लागू आहे. वर्णानुक्रमात दिव्याला लागून असलेले डोंबिवली आणि मुंब्रा यांची संभाव्यता प्रत्येकी 1/2. त्यानंतर ठाणे 1/3, ठाकुर्ली 1/4, कोपर 1/5, कळवा 1/6 आणि कल्याण 1/7. यांची बेरीज सुमारे 2.09 येते. प्रवासाच्या क्रमाने केलेल्या भरणीत दिव्याची खोली 2 आली होती, हे येथे आठवावे.

या बेरजेतच लघुगणकाचे रहस्य आहे. दूरचा शब्द वाटेत येण्याची शक्यता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. 1/2, 1/3, 1/4 ... अशा अपूर्णांकांची बेरीज वाढत तर राहते, पण फार मंद गतीने : n पदांपर्यंत ती नैसर्गिक लघुगणक ln n च्या आसपास असते. प्रत्येक शब्दाच्या दोन बाजू असल्याने खोली साधारणतः दोन्ही बाजूंच्या अशा बेरजांएवढी, म्हणजे 2 ln n च्या जवळपास राहते. सर्व शब्दांवर सरासरी काढली तर मोठ्या n साठी ती 2 ln n पेक्षा सुमारे तीन पायऱ्यांनी कमी भरते.

मोठ्या यादीवर हे ताडून पाहू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली. तिच्यात सुमारे 60,000 शब्द आहेत. तितके शब्द यादृच्छिक क्रमाने भरले तर सरासरी खोली सुमारे 19 येते. अगदी समतोल वृक्षाची उंची 15 असते. म्हणजे क्रमावर काहीही नियंत्रण न ठेवता आपण आदर्शापासून फार दूर गेलेलो नाही.

4.2.4 सरासरी ठीक. पण सर्वांत खोल शब्दाचे काय?

येथे सावध वाचकाच्या मनात शंका येईल. सरासरी खोली 19 असली तरी एखादी फांदी 500 पायऱ्या खाली गेलेली असू शकेल. उंची तर सर्वांत लांब फांदीवरून ठरते. 60,000 शब्दांतून सर्वांत दुर्दैवी शब्द निवडला, तर तो किती खोल असेल?

अडचण अशी की उंची काढताना डाव्या आणि उजव्या उपवृक्षांपैकी मोठी उंची घ्यावी लागते, आणि 'दोहोंतील मोठे' या क्रियेची सरासरी सहज काढता येत नाही. येथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते. उंची h ऐवजी 2^h या संख्येचा विचार करावा. दोन संख्यांपैकी मोठी ही त्यांच्या बेरजेपेक्षा कधीच जास्त नसते. म्हणून पूर्ण वृक्षाची 2^h ही संख्या, दोन उपवृक्षांच्या तशाच संख्यांच्या बेरजेच्या दुपटीहून अधिक होऊ शकत नाही. बेरजेची सरासरी काढणे सोपे असते. मुळाशी पहिला, दुसरा ... किंवा n वा शब्द येणे सारखेच संभवनीय आहे. तेवढे गृहीत धरून पायरीपायरीने गणित केले की 2^h ची सरासरी पुढील संख्येहून मोठी नसते असे मिळते :

(n+1)(n+2)(n+3) / 24

या सूत्रात n चा घात तीनच आहे, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट. फांद्या बेलगाम लांबत असत्या तर 2^h ची सरासरी याहून कितीतरी वेगाने वाढली असती. ती n³ च्या मर्यादेत राहते, म्हणून अपेक्षित उंचीही साधारण 3 log2 n च्या आत राहते. 60,000 शब्दांसाठी वरील सूत्राचे मूल्य सुमारे 9 लाख कोटी येते आणि 2 चा 43 वा घात त्याच्या जवळपास आहे. अर्थात अपेक्षित उंची 43 च्या आसपासच्या मर्यादेपलीकडे जात नाही. 500 पायऱ्यांच्या फांदीची भीती निराधार ठरते.

असे का घडते, हे शब्दांतही सांगता येते. फांदी लांबण्यासाठी प्रत्येक पायरीवर वाईट फूट पडावी लागते. म्हणजे मुळाचा शब्द आपल्या गटाच्या अगदी टोकाचा असावा लागतो. परंतु गटातील मधल्या निम्म्या शब्दांपैकी एखादा प्रथम येण्याची शक्यता सुमारे निम्मी असते, आणि तसे झाले की मोठ्या भागातही तीन चतुर्थांशांहून अधिक शब्द उरत नाहीत. दुर्दैव एकदा-दोनदा ओढवेल. सलग पन्नास वेळा ओढवण्याची शक्यता इतकी अल्प की 60,000 शब्दांपैकी कोणावरही ते ओढवणे दुरापास्त होते.

नेमका गुणांक कोणता, हा प्रश्न पुढे संशोधकांनी सोडविला. जे. एम. रॉबसन यांनी 1979 मध्ये त्याची वरची मर्यादा दिली आणि ल्युक डेव्रॉय यांनी 1986 मध्ये सिद्ध केले की n वाढत जाता उंचीचे ln n शी असलेले गुणोत्तर सुमारे 4.311 कडे जाते. 3 log2 n म्हणजे सुमारे 4.328 ln n. आपली साधी युक्ती खऱ्या उत्तराच्या किती जवळ पोहोचते, हे यावरून कळेल. ब्रूस रीड यांनी 2003 मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली : यादी कितीही मोठी झाली तरी उंचीचे सरासरीभोवतीचे विचलन वाढत नाही. सरासरीच्या आसपास काही पायऱ्यांतच बहुतेक सर्व वृक्ष सापडतात.

4.2.5 नियम कोठे मोडतो?

वरील सर्व विवेचन एका गृहीतकावर उभे आहे : प्रत्येक क्रम सारखाच संभवनीय. भाषाभ्यासकाच्या हाती येणारी यादी मात्र बहुधा कोशातून उतरवलेली असते आणि कोश वर्णानुक्रमानेच लावलेला असतो. म्हणजे जो क्रम लाखो-कोटींत एखाद्या वेळी येईल असे आपण म्हटले, तोच क्रम कोशकाराने परिश्रमपूर्वक सिद्ध करून ठेवलेला असतो. 60,000 शब्द त्याच क्रमाने भरले तर उंची 59,999 होते आणि भरणीसाठी सुमारे 180 कोटी तुलना कराव्या लागतात. यादृच्छिक क्रमाने भरल्यास हेच काम सरासरी साडेअकरा लाख तुलनांत होते.

अर्धवट लावलेली यादीही तितकीच फसवी असते. 'क'ची सर्व पत्रे एका गठ्ठ्यात, 'प'ची दुसऱ्यात, आणि गठ्ठ्यांचा क्रम मात्र विस्कळीत, अशी स्थिती आली तर यादी वरवर विस्कळीत भासते. पण प्रत्येक गठ्ठा आत साखळीच बनतो. वृक्षाची उंची मग सर्वांत मोठ्या गठ्ठ्यातील शब्दसंख्येपेक्षा एकने कमी इतकी तरी होतेच.

याउलट, चालू गद्यातून शब्द जसे येतील तसे उचलले, तर भरणी यादृच्छिकतेच्या पुष्कळ जवळ जाते. याचे कारण आपल्या विषयातच आहे. शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे फर्दिनां द सोस्यूर यांचे तत्त्व आपण पहिल्या घटकात पाहिले. वाक्यात शब्द अर्थाच्या आणि व्याकरणाच्या गरजेने येतात, आद्याक्षराच्या क्रमाने नव्हे. रेल्वेमार्गावरील गावांची नावेही भूगोलाच्या क्रमाने येतात. म्हणूनच आपला आठ नावांचा वृक्ष इतका आटोपशीर झाला. शिवाय 'आणि', 'आहे' यांसारखे वारंवार येणारे शब्द गद्यात लवकर भेटतात, त्यामुळे ते मुळाजवळ बसतात आणि शोधताना कमी पायऱ्या लागतात. 'घर', 'घरात', 'घराला' अशी रूपे जवळजवळ येऊन काही ठिकाणी लहान साखळ्या होतील. परंतु त्या रूपांच्या संख्येएवढ्याच मर्यादित राहतात.

यादी नियमात आहे की नाही, हे ओळखण्यासाठी भरणी चालू असतानाच उंची मोजावी आणि 3 log2 n शी ताडून पाहावी. 1,000 शब्दांना ही मर्यादा सुमारे 30 आहे. 1,000 शब्दांनंतर उंची 28 दिसली तर चिंता नाही. 200 दिसली तर यादीत कोठेतरी लावलेला क्रम दडलेला आहे असे निश्चित समजावे. उपाय दोन आहेत. संपूर्ण यादी आधी हाती असेल, तर पत्त्यांप्रमाणे पिसून मग भरावी. शब्द एकेक करून येत असतील, तर उंची वाढताच फांद्या फिरवून स्वतःचा तोल सांभाळणारा वृक्ष वापरावा. 1962 चा एव्हीएल वृक्ष हे त्याचे पहिले उदाहरण. पहिल्या उपायात अनुकूल क्रम आपण स्वतःच निर्माण करतो. दुसऱ्यात क्रमावर विसंबणेच सोडून देतो.

आपली प्रगती तपासा

1. कोपर, ठाणे, दिवा ही तीन नावे सर्व सहा क्रमांनी भरा. सरासरी उंची किती येते?
2. कल्याणहून ठाण्याकडे येताना लागणाऱ्या क्रमाने आठही स्थानके भरा. उंची किती?
3. यादृच्छिक भरणीत 'कोपर' हा शब्द 'डोंबिवली'च्या वाटेवर येण्याची संभाव्यता किती?

4.3 सारांश

शोधवृक्षाचा आकार शब्द येण्याच्या क्रमावर ठरतो. सर्व क्रम सारखेच संभवनीय असतील, तर दोन शब्दांपैकी एक दुसऱ्याच्या वाटेवर येण्याची शक्यता त्यांच्यातील अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे सरासरी खोली 2 ln n च्या जवळपास राहते. 2^h ची सरासरी n³ च्या मर्यादेत असल्याने सर्वांत लांब फांदीही साधारण 3 log2 n च्या आत राहते. शब्दसंख्या दुप्पट झाली तर ही मर्यादा केवळ तीन पायऱ्यांनी वाढते. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीला मात्र हे संरक्षण मिळत नाही; तिथे शब्द दुप्पट झाले की उंचीही दुप्पट होते.

4.4 'आपली प्रगती तपासा'ची उत्तरे

1. 'ठाणे' प्रथम येणाऱ्या दोन क्रमांत उंची 1, उरलेल्या चार क्रमांत 2. सरासरी 10/6, म्हणजे सुमारे 1.67.
2. उंची 4. 'कल्याण' हे वर्णानुक्रमातील पहिले नाव मुळाशी बसल्याने डावी बाजू रिकामी राहते; ठाकुर्ली, डोंबिवली, दिवा आणि मुंब्रा एकाखाली एक उजवीकडे जातात. खोल्यांची बेरीज 18.
3. कोपर ते डोंबिवली या पट्ट्यात कोपर, ठाकुर्ली, ठाणे व डोंबिवली असे चार शब्द आहेत. म्हणून संभाव्यता 1/4.

4.5 स्वाध्याय

1. आपल्या गावाजवळच्या रेल्वे किंवा एसटी मार्गावरील दहा थांब्यांची नावे प्रवासाच्या क्रमाने भरून वृक्ष काढा. त्याची उंची व सरासरी खोली नोंदवा. नंतर हीच नावे वर्णानुक्रमाने भरून तुलना करा.
2. एखाद्या मराठी निबंधातील पहिले तीस निरनिराळे शब्द आलेल्या क्रमाने भरा. वारंवार येणारे शब्द कोणत्या खोलीवर बसले, यावर दहा ओळींत निरीक्षण लिहा.
3. 'यादी विस्कळीत दिसणे आणि यादी यादृच्छिक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.' गठ्ठ्यांच्या उदाहरणाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.